शाळा जबाबदार राहणार नाही

आमच्या शाळेच्या ऑफिसातल्या कपाटात एक हमीपत्र आहे. ते कोणी लिहिलं, कोणाला माहीत नाही. मी नोकरीला लागलो तेव्हा त्याच्या सायक्लोस्टाईल प्रती होत्या, मग झेरॉक्स झाल्या, आता ते कॉम्प्युटरवर आहे, पण मजकुराचा काना-मात्रा हललेला नाही. 'माझा पाल्य माझ्या मर्जीने सहलीस जात असून, प्रवासात काही बरेवाईट घडल्यास त्यास शाळा, मुख्याध्यापक व शिक्षक जबाबदार राहणार नाहीत.' खाली पालकाची सही. या एका वाक्याच्या भरवशावर आम्ही यवतमाळहून पोरं चिखलदऱ्याला नेली, शेगावला नेली, पाऊस जास्त असेल त्या वर्षी नुसती कळंबच्या चिंतामणीला नेऊन आणली. पालकाची सही म्हणजे बापाचीच असावी असंही नव्हतं. मामाची चालायची, शेजाऱ्याची चालायची, आणि एस.टी. फाटकात येऊन हॉर्न वाजवत असेल तर वर्गशिक्षकाचीही चालायची. मी स्वतः किमान चाळीस पोरांचा बाप म्हणून सही केलेली आहे, त्यातल्या काही सह्या तर खऱ्या बापांपेक्षा झोकदार आहेत.

या हमीपत्रावर पोसलेल्या माणसाच्या हाती जर्मनीचा व्हिसा द्यायचा नसतो. पण मी इंग्रजीचा शिक्षक, आणि आमच्याकडे परदेशाचं सगळं इंग्रजीच्या शिक्षकाकडे येतं, मग तो परदेश जर्मन का बोलेना.

झालं असं, की जर्मनीतल्या एका छोट्या गावच्या शाळेशी आमच्या पोरांची ईमेलवर ओळख झाली. हिवाळ्यात तिकडची चौदा पोरं आमच्याकडे येऊन गेली, घराघरांत राहिली, ज्वारीची भाकर खाऊन रडली आणि दोन दिवसांनी मागून खाऊ लागली. आता मे महिन्यात आमच्या नववीच्या चौदा पोरांनी तिकडे जायचं होतं. सोबत दोन शिक्षक, मी आणि गणिताच्या मॅडम.

पालकसभेत मी उभा राहिलो आणि छाती काढून सांगितलं, "काळजी करू नका. ग्रुप व्हिसा आहे. एक कागद, त्यावर चौदा नावं, वर शिक्का. आपण सहलीची एस.टी. बुक करतो ना, तसं."

गणिताच्या मॅडम शेवटच्या बाकावर बसल्या होत्या. त्यांनी सभा संपेपर्यंत थांबण्याची सभ्यता दाखवली. मग म्हणाल्या, "सर, तुम्ही ती यादी वाचली का?"

"कोणती?"

"व्हिसा केंद्राच्या वेबसाईटवरची. एक कागद नाही. प्रत्येक पोराचा वेगळा अर्ज, वेगळा फोटो, वेगळा पासपोर्ट, वेगळा विमा. बारा वर्षांवरच्या प्रत्येकानं मुंबईला जाऊन बोटांचे ठसे द्यायचे. ग्रुप आहे ती फक्त अपॉइंटमेंट, आणि शाळेचं पत्र."

"ते मला ठाऊकच होतं," मी म्हणालो. "पालकांना सोपं करून सांगितलं."

मॅडमनी माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, तिच्यात मी तीन विषयांत नापास झालो.

मग कागद गोळा करणं सुरू झालं. जन्मदाखले, आईबापांची ओळखपत्रं, तिकडच्या शाळेचं निमंत्रण, त्यात प्रत्येक पोर कोणाच्या घरी राहणार याची यादी, विम्याची प्रत, तिकिटांचं आरक्षण. यात लेखनाची कामं दोनच. एक शाळेच्या लेटरहेडवरचं पत्र: ही आमची विद्यार्थ्यांची यादी, हे पासपोर्ट नंबर, ह्या तारखा, हे दोन शिक्षक सोबत. दुसरं, प्रत्येक अल्पवयीन पोरासाठी आई आणि बाप दोघांचं संमतीपत्र, नोटरी केलेलं. ती दोन्ही मी अंगावर घेतली. मुख्याध्यापक खुश झाले. ते स्वतः सहीपलीकडे काही लिहीत नाहीत, आणि सहीसुद्धा कोणीतरी आधी पेन्सिलने जागा दाखवल्याशिवाय करत नाहीत.

"मस्त कडक इंग्लिश पाह्यजे हां," ते म्हणाले. "अन् आपल्यावर काही येऊन पडाले नाई पाह्यजे."

आपल्यावर काही येऊन पडू नये. हे आमच्या शाळेचं खरं ब्रीद आहे, भिंतीवर दुसरंच रंगवलेलं आहे.

मी कपाट उघडलं, हमीपत्र काढलं आणि त्याचं इंग्रजी केलं. पल्लेदार केलं. 'कोणत्याही स्वरूपाच्या दुर्घटनेस शाळा, मुख्याध्यापक व शिक्षक कोणत्याही प्रकारे जबाबदार असणार नाहीत' हे सगळं त्यात आलंच, वर शेवटी मी एक 'व्हॉट्सोएव्हर' ठोकला. त्या शब्दावर मी इतका लट्टू झालो की शाळेच्या पत्रातही तोच परिच्छेद घातला, म्हणजे दोन्ही कागद एकमेकांना शोभतील. मुख्याध्यापकांनी मोठ्यानं वाचून घेतलं. त्यांना 'व्हॉट्सोएव्हर' दोनदा म्हणता आलं नाही, पण समाधान झालं.

तेरा पोरांच्या आईबापांनी सह्या केल्या. कोर्टाजवळच्या नोटरीनं मान वर न करता शिक्के मारले. मध्येच त्यानं मला विचारलं, "प्लॉटचं आहे का?" मी म्हटलं, पोरांचं आहे. "बरं बरं," म्हणाला आणि पुढचा शिक्का मारला. पालकांचंही तेच. एकानं तर कागद उलटा धरून सही केली. मला त्या वेळी त्यांचं कौतुक वाटलं, असे पालक पाहिजेत म्हणून.

चौदावी पोरगी दारव्हा रोडवरच्या एका खेड्यातली. रोज एस.टी.नं शाळेत यायची, हुशार, आणि तिकडची जी पोरगी तिच्या घरी राहून गेली होती, तिच्याशी रोज मोबाईलवर बोलत असे. बाप ट्रकवर ड्रायव्हर, आई गावची आशाताई, घरोघर जाणारी आरोग्यसेविका. बापानं सुरतेला जाता जाता यवतमाळला ट्रक थांबवून सही केली आणि म्हणाला, "बाकी तिले विचारा. घरात कागदाचं तेच पाह्यते."

म्हणून मी गावात गेलो. आशाताईंनी चहा ठेवला, चष्मा लावला आणि माझा कागद वाचायला घेतला. इंग्रजी त्यांना अडखळत येत होतं, म्हणून पोरीला शेजारी बसवून एकेक ओळ विचारली. मला अपमान वाटू लागला. इतके लोक न वाचता सही करतात, आणि ही बाई माझ्या इंग्रजीची चिरफाड करते आहे.

"सर, यात लिहून आहे का माह्या पोरीले काही झालं त तुमी जबाबदार नाई."

"ते नुसतं फॉर्म्यालिटी असते ताई. प्रत्येक सहलीत असते."

"मंग कोण जबाबदार हाय?"

"तसं कोणी नसते."

"तसं कसं? तिकडची पोरगी माह्या घरी आठ दिवस राह्यली. तवा तुमीच माह्याकून लिहून घेतलं होतं, की तिच्या खाण्यापिण्याची, दवाखान्याची जबाबदारी माही. घेतलं होतं का नाई?"

घेतलं होतं. तिकडच्या शाळेनं मागितलं होतं, आणि मी ऐटीत भरून पाठवलं होतं.

"मंग त्यायची पोरगी आली त मी जबाबदार, अन् माही पोरगी गेली त कोणीच नाई? हे कोणतं गणित?"

"ताई, तुम्हाला नाही समजणार हे. व्हिसाचं असतं."

हे वाक्य मी बोललो. आजही ते आठवलं की मला कानाखाली मारून घ्यावीशी वाटते, आणि मारून घ्यायलाही आपलाच हात लागतो म्हणून राहून जातं.

आशाताईंनी चष्मा काढून ठेवला. "मी बी लोकायच्या सह्या घेते, सर. ऑपरेशनच्या. बाई विचारते, मले काही झालं त कोण पाह्यल? मले सांगा लागते. सांगता नाई आलं त मी सही घेत नाई." कागद त्यांनी नीट घडी करून माझ्या हातात ठेवला. पोरगी चुलीकडे तोंड करून बसली होती, तिची पाठ दिसत होती. चहा मी अर्धाच प्यायलो, बाकीचा रागात तसाच सोडला.

रस्त्यात मला कल्पना सुचली. वडिलांची सही आहे, तीच पुरे. आमच्याकडे बापाच्या सहीनं शेती विकल्या जाते, तर पोरगी नाही का जाणार? मॅडमनी ती यादी पुन्हा माझ्या नाकासमोर धरली. आई आणि वडील, दोघंही. आई नसेल तर मृत्यूचा दाखला, घटस्फोट असेल तर ताबा कोणाकडे याचा कोर्टाचा आदेश.

"आई तर जिवंत आहे," मॅडम म्हणाल्या, "आणि वाचतेसुद्धा. हा आजार तुमच्या यादीत नसेल."

मी तेरा पोरांचीच फाईल केली. चौदावीचं नाव शाळेच्या पत्रातून काढलं. पोरीला वर्गात सांगितलं, "तुझ्या आईचं मन वळव, नाहीतर राहिलं." मला वाटलं, चूक त्यांची आहे, मी कशाला वाईट वाटून घेऊ. आणि मी खरंच वाटून घेतलं नाही. मी इतका नालायक होतो.

एप्रिलच्या मधोमध तेरा पोरं, त्यांचे पालक, मॅडम आणि मी, धामणगावहून रेल्वेनं मुंबईला गेलो. व्हिसा केंद्रात एसी इतका, की आमच्या पालकांनी रुमाल डोक्याला बांधले. काउंटरवरच्या बाई तरुण होत्या. एकेक कागद यादीशी ताडून पाहत होत्या. माझ्या पत्राशी येऊन थांबल्या. पुन्हा वाचलं. मग संमतीपत्र वाचलं.

"सर, तुमच्या पत्रात आहे की शिक्षक जबाबदार नाहीत. पालकांच्या संमतीपत्रातही तेच. अल्पवयीन मुलं आहेत. तिकडे यांचं कोण बघणार, हे कुठे लिहिलंय?"

"ती आमची पद्धत आहे," मी म्हणालो. "महाराष्ट्रात असंच असते."

"मी पण महाराष्ट्रातलीच आहे," त्या म्हणाल्या.

त्यांनी सांगितलं की निर्णय केंद्र घेत नाही, वकिलात घेते. आम्ही नुसते कागद घेतो. बदलून आणायचे तर नवी अपॉइंटमेंट. आहेत तसे द्यायचे तर तुमच्या आग्रहावरून घेतले असं लिहून द्या. मी लिहून दिलं. मोठ्या अक्षरात, सही ठोकून. मागे मॅडम भिंतीकडे पाहत होत्या, तिथे काहीच लावलेलं नव्हतं.

पोरांचे ठसे झाले, मॅडमचे आणि माझेही झाले, आम्ही घरी आलो. आठवड्यानं वकिलातीचा ईमेल आला. चार ओळींचा. त्यात माझ्या इंग्रजीला एक शब्दही नावं ठेवलेली नव्हती, हेच जास्त लागलं. सादर केलेल्या पत्रांनुसार प्रवासात व मुक्कामात विद्यार्थ्यांसाठी कोणीही जबाबदार नाही. अल्पवयीन विद्यार्थ्यांची देखरेख कोण करणार हे शाळेनं स्पष्ट करावं, आणि पालकांची सुधारित संमती पाठवावी. तोवर अर्जांवर निर्णय होणार नाही.

आशाताईंनी जे चुलीपुढे विचारलं होतं, तेच. फक्त तिथे चहा होता.

ईमेल घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेलो. त्यांनी वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"मंजे आपण लिहाचं का शाळा जबाबदार आहे?"

"हो."

"अरे बाबा, या शाळेत असं कोणीच कधी लिहिलं नाई."

"तेच म्हणतात ते."

"माहे दोन वर्षं राह्यले रिटायरमेंटले. मी नाई लिहीत. तू लिही न. तुले हौस."

मॅडम दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "ठीक आहे सर. मग तेरा घरच्या पालकांना उद्या बोलावते. तुम्ही त्यांना सांगा, की तुमच्या पोरांची जबाबदारी घ्यायला शाळा तयार नाही म्हणून व्हिसा अडला. मी फक्त खुर्च्या मांडते."

मुख्याध्यापकांनी पेन मागितला. पण त्या माणसाचं कौतुक करायला हवं, सही करतानासुद्धा त्यांनी वाट काढली. पत्रात वाक्य आलं ते असं: शाळेनं विद्यार्थ्यांच्या देखरेखीची संपूर्ण जबाबदारी सोबतच्या दोन शिक्षकांकडे सोपवली असून, ते निघाल्यापासून परतेपर्यंत ती पार पाडतील. खाली माझं नाव, मॅडमचं नाव, पासपोर्ट नंबर. 'येऊन पडणं' म्हणतात ते हेच.

नवं संमतीपत्र मॅडमनी लिहिलं. एकही शब्द लांब नव्हता. आम्ही आईवडील, ही आमची मुलगी, या तारखा, हे शहर, या शिक्षकांसोबत जाण्यास संमती. तातडीच्या उपचारांचा निर्णय हे शिक्षक घेऊ शकतील. वाचून झाल्यावर मला कळलं की असं पत्र लिहायला इंग्रजी येण्याची गरजच नसते, लाज असावी लागते.

तेरा घरांतून नव्यानं सह्या घेतल्या. पालक म्हणाले, "पुन्हा? बरं, द्या." या खेपेलाही कोणी वाचलं नाही. मी पहिल्यांदाच म्हटलं, वाचा हो. एकजण दुखावला. "तुमच्यावर भरोसा नाई का सर आमचा?" म्हणाला. त्याच्या भरवशाची मला किळस आली, कारण तो ज्याच्यावर होता त्या माणसाला मी चांगला ओळखत होतो, म्हणजे मला.

मग दारव्हा रोडचं ते घर. मी मॅडमना सोबत चला म्हटलं. पोरीकडून त्यांनी सगळं ऐकलं होतं. म्हणाल्या, "नाही. तुम्हीच जा. व्हिसाचं असतं."

आशाताई बाहेरच होत्या, गावातल्या पोरांच्या डोसाचं रजिस्टर भरत होत्या. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, या खेपेला पोरीला बोलावलं नाही.

"हे बरं आहे," म्हणाल्या. "आता मले सांगा. ती कोणाच्या घरी राह्यणार?"

"ती जी आली होती न, तिच्याच घरी."

"पत्ता?"

पत्ता माझ्याकडे नव्हता. निमंत्रणपत्रासोबत चौदा घरांची यादी होती, ती मी फाईलला लावली होती, वाचली नव्हती. आशाताईंनी पोरीच्या मोबाईलमधून मला पत्ता वाचून दाखवला. घरातल्या आईचं नाव, फोन, आणि ती कुठे काम करते तेही. मग विचारलं, पासपोर्ट पोरीकडे राहणार का तुमच्याकडे? बीमार पडली तर विम्याचा नंबर कोणाला माहीत? मी इकडून फोन केला तर तिकडे लागणार का? मी एकेकाचं उत्तर देत होतो आणि प्रत्येक उत्तर मी त्याच क्षणी तयार करत होतो. दोनदा त्या म्हणाल्या, "हे तुमी आता ठरवलं, हो ना?" मी म्हटलं, हो.

"चालते. पण लिहून ठेवा."

मी त्यांच्याच रजिस्टरच्या कोऱ्या पानावर लिहिलं, पान फाडून घेतलं. मग त्यांनी सांगितलं, पोरीचा बाप रविवारी येतो, सोमवारी दोघं नोटरीकडे येऊ. ते आले. नोटरीनं न पाहता शिक्का उचलला, तेव्हा आशाताई म्हणाल्या, "साहेब, वाचून घ्या न." त्यानं वाचलं. मला वाटतं, त्या वर्षातलं त्याचं ते पहिलं वाचन असावं.

आता तेरा पोरांचे अर्ज आत होते, त्यांची नवी पत्रंही वकिलातीला पोचली होती, हिचा अर्ज नव्हताच. निघायला पंचवीस दिवस होते, आणि अर्ज किमान पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. तिचं नाव ज्यात होतं असं नवं पत्र मी घेतलं, मॅडमनी रोज सकाळी वेबसाईट उघडून तिच्यासाठी एक अपॉइंटमेंट पकडली, निघायच्या अठरा दिवस आधीची. मी, पोरगी आणि आशाताई पुन्हा धामणगाव, पुन्हा मुंबई. काउंटरवर त्याच बाई. त्यांनी मला ओळखलं आणि ओळख दाखवली नाही, हा त्यांचा मोठेपणा.

पत्र वाचून त्यांनी पोरीलाच विचारलं, "सोबत कोण येणार आहे तुझ्या?"

पोरीनं माझ्याकडे बोट दाखवलं. काउंटरच्या बाईंनी आईकडे पाहिलं, जणू विचारत होत्या, खरंच हा? आशाताई म्हणाल्या, "मॅडमबी आहेत."

पहिल्या तेरा पोरांचे आणि आम्हा दोघांचे व्हिसे आठ-दहा दिवसांत आले. शाळेत मुख्याध्यापकांनी पासपोर्ट पंख्यासारखे हातात धरून फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला, खाली लिहिलं, 'शाळेची जबाबदारी, शाळेचा अभिमान.' त्या माणसाला लाज नावाची वस्तू दुकानात दाखवली तरी ओळखू येणार नाही. मी त्या फोटोत मागे उभा आहे, हसतो आहे. तेव्हा मलाही ओळखू येत नव्हती.

चौदावा येईना. वेबसाईटवर रोज एकच ओळ, अर्ज विचाराधीन. पाच दिवस राहिले. वर्गाला सुट्या लागलेल्या, तरी पोरगी रोज एस.टी.नं यायची, ऑफिसच्या बाहेर बाकावर बसायची, पाच वाजता परत जायची. कुरियरवाला आला की उठून उभी राहायची आणि तो दुसरंच काही देऊन गेला की पुन्हा बसायची. मला काही विचारायची नाही. आशाताईंचा फोनही नाही. मला वाटायचं, निदान शिव्या तरी द्या. तिचा अर्ज त्या तेरा जणांसोबत गेला असता, तर तिचाही पासपोर्ट त्या पंख्यात असता. तो गेला नाही, कारण मी एका बाईला सांगितलं होतं की तुम्हाला नाही समजणार. ती बाकावर बसलेली पाहिली की मी मागच्या दारानं जायचो, मुख्याध्यापकांसारखा.

निघायच्या तीन दिवस आधी दुपारी लिफाफा आला. पोरगी नेमकी पाणी प्यायला गेली होती. मी तो फोडला नाही. ती आली, तिच्या हातात दिला. तिनं फोडला, पानं उलटली, स्टिकर पाहिला आणि पासपोर्ट छातीशी धरून बाकावर बसली. मी तिला एस.टी.नं न पाठवता मोटारसायकलवर बसवून गावाला घेऊन गेलो.

आशाताईंनी चष्मा लावला. नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, सगळं पोरीच्या अर्जाच्या झेरॉक्सशी जुळवून पाहिलं. पोरगी आईच्या बोटामागून ओळी वाचत होती. मीही.

"बरोबर आहे," त्या म्हणाल्या. मग पहिल्यांदाच हसल्या, पोरीकडे बघून, माझ्याकडे नाही. पोरगी धावत शेजारी सांगायला गेली.

"सर, एक राह्यलं," आशाताई म्हणाल्या. "तिले एस.टी.त उलटी होते. विमानात तिच्यापाशी कोण बसन?"

"मी बसतो."

"अन् घाबरली त?"

"मी आहे ना ताई. काही काळजी करू नका."

त्यांनी मान डोलावली आणि चहा ठेवायला आत गेल्या. मी आयुष्यात कधी विमानात बसलेलो नव्हतो, आणि यवतमाळहून नागपूरला जातानासुद्धा मी खिशात लिंबू ठेवतो, हे त्यांनी तेवढं विचारलं नाही.